ऑस्ट्रियाचा शंभर वर्षांचा बाँड: एकही हप्ता चुकला नाही, तरी किंमत एक तृतीयांशावर आली

जून २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने शंभर वर्षं मुदतीचा एक बाँड विकला. रक्कम २ अब्ज युरो, कूपन म्हणजे दर्शनी किमतीवरचं ठरलेलं व्याज वर्षाला ०.८५ टक्के, मुद्दल परत मिळण्याची तारीख ३० जून २१२०. खरेदीदारांची झुंबड उडाली आणि मागणी विक्रीच्या कितीतरी पट आली. विक्रीच्या वेळी परतावा, म्हणजे मोजलेल्या किमतीवर मुदत संपेपर्यंत दरवर्षी सुटणारा दर, ठरला ०.८८ टक्के, म्हणजे १०० युरो दर्शनी किमतीचा बाँड साधारण ९८ युरोंना गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो १३० च्या पुढे पोचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र त्याची बाजारातली किंमत दर्शनी किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास उरली होती.

या काळात ऑस्ट्रियाने काहीही बुडवलं नाही. दरवर्षी ठरल्या दिवशी ८५ सेंटचं व्याज दिलं. देशाची पत जवळपास सर्वोच्च दर्जाची होती आणि तशीच राहिली. दोन तृतीयांश किंमत गेली ती फक्त व्याजदर वाढल्यामुळे. व्याजदर वाढले की बाँडची किंमत पडते हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ते का होतं आणि किती होतं, हे या बाँडइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. म्हणून हेच प्रकरण इथे घेतलं आहे.

विकत घेतलं ते नेमकं काय

बाँड म्हणजे कर्जाची चिठ्ठी. तिच्यावरचे आकडे छापले गेले की पुन्हा बदलत नाहीत. या चिठ्ठीवर १०१ रकमा आहेत: दरवर्षी ०.८५ युरो असे शंभर हप्ते आणि शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मुद्दलाचे १०० युरो. बाजारात व्याज कितीही चढलं तरी हप्ता ०.८५ चाच राहतो, आणि कितीही उतरलं तरी तोच. बँकेतल्या ठेवीचं नूतनीकरण करताना नवा दर मिळतो, तशी सोय इथे शंभर वर्षं नाही.

चिठ्ठी हातोहात विकता येते. विकताना तिच्यावरचा एकही आकडा बदलता येत नसल्यामुळे खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात घासाघीस करायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे किंमत. व्याजदरातला सगळा बदल या एकाच वाटेने बाहेर पडतो.

आता समजा, याच दर्जाच्या कर्जदाराचा तितक्याच मुदतीचा नवा बाँड ३ टक्के देतो आहे. १०० युरो घालणाऱ्याला तिथे वर्षाला ३ युरो मिळतात, जुन्या चिठ्ठीवर ०.८५. जुनी चिठ्ठी घेणारा दरवर्षी २.१५ युरोंना मुकतो, आणि तेही शंभर वर्षं. एवढी खोट सोसून तो १०० युरो का मोजेल? तो म्हणेल, ही सगळी खोट आजच्या पैशात मोज आणि किमतीतून वजा कर.

ती मोजता येते. पुढची शंभर वर्षं दरवर्षी मिळणारा १ युरो ३ टक्के दराने आज ३१.६ युरोंच्या बरोबरीचा आहे. २.१५ ला ३१.६ ने गुणलं की ६७.९ येतात. शंभरातून ते वजा केले की उरतात ३२.१ युरो, आणि हीच त्या बाँडची किंमत. बाजार घाबरला किंवा भावना बिघडल्या असं त्यात काही नाही. ६८ युरोंची घट म्हणजे शंभर वर्षांच्या कमी पडणाऱ्या व्याजाची एकरकमी भरपाई, जी विक्रेता खरेदीदाराला किमतीतून देतो.

किमतीची फोड

हेच गणित दुसऱ्या बाजूने केलं की जास्त उलगडतं. पुढे मिळणाऱ्या प्रत्येक रकमेचं आजचं मूल्य काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. आजचं मूल्य म्हणजे आज किती पैसे ३ टक्क्यांनी गुंतवले तर त्या तारखेला तेवढी रक्कम होईल. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत होतं:

```
=PV(0.03, 100, -0.85, -100)
```

पहिला आकडा बाजारातला परतावा, दुसरा उरलेली वर्षं, तिसरा वार्षिक हप्ता आणि चौथा मुद्दल. उत्तर ३२.०६ येतं. पहिला आकडा बदलत गेलं की खालचं चित्र दिसतं. हप्ते आणि मुद्दल मुद्दाम वेगळे दाखवले आहेत.

| परतावा | शंभर हप्त्यांचं आजचं मूल्य | मुद्दलाचं आजचं मूल्य | किंमत |
|---|---|---|---|
| ०.४ टक्के | ६९.९ | ६७.१ | १३७.० |
| ०.८८ टक्के | ५६.४ | ४१.६ | ९८.० |
| २ टक्के | ३६.६ | १३.८ | ५०.४ |
| ३ टक्के | २६.९ | ५.२ | ३२.१ |

(२०२३ मध्ये मुदतीची सुमारे ९७ वर्षं उरली होती. शंभरऐवजी ९७ घातले तर शेवटची किंमत ३२.४ येते. एवढा फरक इथे सोडून दिला तरी चालेल.)

तिसरा स्तंभ नीट पाहा. २१२० मध्ये मिळणारे १०० युरो विक्रीच्या दिवशी ४१.६ युरोंचे होते. ०.८८ टक्के दराने पैसा इतका संथ वाढतो की शंभर वर्षांनंतरच्या शंभर युरोंसाठी आज बेचाळीसच्या जवळ मोजावे लागतात. दर ३ टक्के झाला की तेच १०० युरो उभे करायला आज ५.२ युरो पुरतात, कारण चक्रवाढीने बाकीचं काम होतं. वचन तेच, तारीख तीच, देणारा तोच. तरी त्या वचनाची किंमत आठपट घटली. हप्त्यांच्या मूल्यात झालेली घट त्या मानाने बरीच सौम्य आहे, ५६.४ वरून २६.९, कारण त्यातले बरेच हप्ते जवळच्या वर्षांत मिळायचे आहेत.

यातूनच मुदतीचं महत्त्व कळतं. ०.८५ टक्के कूपनचाच, पण एक वर्ष मुदतीचा बाँड घेतला, तर ३ टक्के परताव्याला त्याची किंमत ९७.९ राहते. दहा वर्षांचा ८१.७ वर येतो, तीस वर्षांचा ५७.९ वर. रक्कम जितकी लांब, तितक्या जास्त वेळा तिच्यावर नव्या दराची कात्री चालते.

पत ढासळली की व्याजदर वाढले?

पडलेली किंमत दिसली की पहिला प्रश्न हाच यायला हवा, कारण दोन्हींत पुढे काय होईल ते अगदी वेगळं असतं. ओळखायचा मार्ग सोपा आहे: त्याच कर्जदाराचे दुसरे बाँड बघा.

कर्जदार बुडेल अशी भीती असती तर पुढच्या वर्षी मुदत संपणारे त्याचे बाँडही कोसळले असते, किंबहुना तेच आधी, कारण पैसे बुडण्याचा प्रसंग तिथे सर्वांत जवळ असतो. ऑस्ट्रियाच्या कमी मुदतीच्या बाँडच्या किमती शंभरच्या जवळच होत्या. घट मुदतीप्रमाणे वाढत जाते आहे असं दिसलं की समजायचं, हे व्याजदराचं काम.

दुसरी खूण कूपनची. ऑस्ट्रियाने सप्टेंबर २०१७ मध्ये आणखी एक शंभर वर्षांचा बाँड काढला होता, २.१ टक्के कूपनचा. कर्जदार एकच, मुदतही जवळपास तीच. परतावा २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेला, तर शंभर वर्षं धरून २.१ टक्केवाला १०४.३ वरून ७१.६ वर येतो, म्हणजे ३१ टक्क्यांची घट. ०.८५ टक्केवाला ५०.४ वरून ३२.१ वर येतो, घट ३६ टक्के. ज्याचं कूपन बारीक, त्याच्या किमतीचा जास्त भाग दूरच्या मुद्दलात अडकलेला, म्हणून फटका मोठा. पत ढासळण्याची भीती असती तर कूपनप्रमाणे असा फरक पडण्याचं कारण नव्हतं. कर्जदार बुडला तर दोन्ही चिठ्ठ्यांना मुद्दलातला वाटा सारखाच मिळतो, आणि अशा भीतीच्या काळात दोन्ही बाँडच्या किमती एकमेकींच्या जवळ सरकतात.

कोणता व्याजदर?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. युरोपियन सेंट्रल बँकेचा ठेवींवरचा दर सप्टेंबर २०१९ पासून उणे ०.५ टक्के होता. जुलै २०२२ मध्ये तो वाढायला लागला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ४ टक्क्यांवर पोचला. दहा वेळा वाढ आणि एकूण साडेचार टक्के. पण आपल्या बाँडचा परतावा तेवढा चढला नाही. तो ०.८८ वरून ३ च्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडा वर चढला. साडेचार टक्के त्यालाही लागू केले असते तर किंमत विशीच्याही खाली दिसली असती.

सेंट्रल बँक ठरवते तो एका रात्रीचा दर. शंभर वर्षांचा परतावा बाजार ठरवतो, आणि त्यात पुढच्या सगळ्या काळातल्या सरासरी दराचा अंदाज असतो. महागाई आटोक्यात आली की बँक दर पुन्हा खाली आणेल असं वाटत असेल, तर लांबचा परतावा आखूड दराइतका वाढत नाही. सूत्रात घालायचा तो त्याच मुदतीचा परतावा. धोरणदर तिथे कधीच घालू नये.

त्याच कारणाने किंमत दरवाढीची वाट पाहत थांबत नाही. युरोपात महागाई २०२१ मध्येच चढू लागली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये युरो क्षेत्रात १०.६ टक्क्यांवर गेली. पण पहिली दरवाढ जुलै २०२२ मध्ये झाली तेव्हा हा बाँड आधीच शंभरच्या बराच खाली आलेला होता. दरवाढ जाहीर झाली की विकू, असं ठरवून बसलेल्याला उशीर होतो. जाहीर होण्याआधीच बाजाराने ती किमतीत धरलेली असते. जाहीर झालेली वाढ अपेक्षेपेक्षा कमी निघाली, तर त्या दिवशी किंमत वरही जाते.

एका वर्षाचं व्याज किती वाढीत पुसलं जातं

बाँड घेताना विचारण्यासारखा सगळ्यात उपयोगी प्रश्न आमच्या मते हा आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात.

परतावा ०.०१ टक्क्याने हलला तर किंमत किती हलते, हे वरच्याच सूत्रातून काढता येतं. ०.८७ घालून एकदा, ०.८९ घालून एकदा. उत्तरं येतात ९८.६७ आणि ९७.३६. म्हणजे ०.०१ टक्क्याला सुमारे ०.६५ युरो, किमतीच्या ०.६७ टक्के. याच प्रमाणाला बाजारात ड्युरेशन म्हणतात: परतावा पूर्ण एक टक्का हलला तर किंमत टक्क्यांत किती हलेल, याचा ढोबळ अंदाज. इथे ड्युरेशन जवळपास ६७ आहे. दहा वर्षांच्या सरकारी बाँडचं ते सहसा आठ ते साडेनऊच्या दरम्यान असतं.

वर्षाचा हप्ता ०.८५ युरो. ०.८५ ला ०.६५ ने भागलं की १.३ येतात. म्हणजे परतावा ०.०१३ टक्क्याने वाढला, ०.८८ चा ०.८९३ झाला, की अख्ख्या वर्षाचं व्याज संपलं. बाजारात एवढी हालचाल दुपारच्या जेवणाआधी होते. या बाँडने व्याजाच्या रूपात जवळजवळ काहीच संरक्षण दिलेलं नव्हतं. तो घेणं म्हणजे परतावा आणखी खाली जाईल यावर लावलेली मोठी पैज होती. २०२० च्या अखेरीपर्यंत ती पैज जिंकत होती. परतावा ०.४ च्या आसपास आला आणि किंमत १३७ च्या आसपास पोचली. तेव्हा याच ड्युरेशनने फायदा करून दिला. धोका मात्र पहिल्या दिवसापासून तितकाच होता आणि विक्रीपत्रकातल्या तीन आकड्यांवरून पाच मिनिटांत मोजता येत होता.

हाच हिशोब ३ टक्के परताव्याला करून बघितला तर चित्र पालटतं. ०.०१ टक्क्याला किंमत आता सुमारे ०.१२५ युरो हलते. ३२ युरो घालणाऱ्याला वर्षाला ३ टक्क्यांनी जवळपास ०.९६ युरो सुटतात. ते पुसायला परतावा सुमारे ०.०८ टक्क्याने वाढावा लागेल. अजूनही फार नाही, पण आधीच्या सहापट उशी आहे.

ड्युरेशन कुठे फसवतं

६७ ला २.१२ ने, म्हणजे परताव्यातल्या प्रत्यक्ष वाढीने, गुणलं तर १४२ टक्के घट येते. किंमत शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, तेव्हा हे उत्तर उघडच चुकीचं. प्रत्यक्षात घट ६७ टक्के झाली.

कारण ड्युरेशन स्थिर नसतं. परतावा वाढत जातो तसा दूरच्या मुद्दलाचा किमतीतला वाटा कमी होतो. आपण पाहिलं की तो ४१.६ वरून ५.२ वर आला. उरलेल्या किमतीत जवळच्या हप्त्यांचं वजन वाढतं आणि बाँडची संवेदनशीलता घटते. ३ टक्क्यांना त्याचं ड्युरेशन ३९ आहे. परतावा आणि किंमत यांचा आलेख सरळ रेघ नसून आत वळलेला असतो, आणि या वळणाला कॉन्व्हेक्सिटी म्हणतात. आखूड मुदतीत ती नगण्य असते, शंभर वर्षांत तिच्याकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही.

तिचा परिणाम धारकाच्या बाजूचा असतो. ३ टक्क्यांना ३२.१ युरोंत बाँड घेतला आणि परतावा ४ टक्के झाला, तर किंमत २२.८ होते, म्हणजे २९ टक्के तोटा. परतावा २ टक्के झाला तर ५०.४, म्हणजे ५७ टक्के नफा. हालचाल दोन्हीकडे एक टक्क्याचीच, पण फायदा तोट्याच्या जवळपास दुप्पट. अर्थात हे फुकट मिळत नाही. खरेदीदारांना हा फायदा माहीत असल्यामुळे ते अशा बाँडसाठी थोडा कमी परतावाही चालवून घेतात.

मुदतीपर्यंत ठेवला तर?

मुदतीपर्यंत ठेवला तर तोटा होत नाही, असं धारकांना नेहमी सांगितलं जातं. युरोंच्या आकड्यात ते खरं आहे. ९८ ला घेणाऱ्याला २१२० पर्यंत वर्षाला ०.८८ टक्के मिळणारच. पण हा बाँड घेणारी कुठलीही व्यक्ती तोवर असणार नाही, आणि दरम्यान जे सुटतं तेही मोजायला हवं. ९८ युरो ३ टक्क्यांनी २.९४ युरो देतात, तो मात्र ०.८५ वर अडकलेला. न विकल्याने तोटा नाहीसा होत नाही. तो एकरकमी सोसण्याऐवजी वर्षाला दोन युरोंच्या हप्त्यांनी सोसला जातो, आणि आजच्या मूल्यात मोजला तर तेवढाच भरतो.

ज्यांच्यासाठी असा बाँड खरोखर योग्य आहे, ते म्हणजे पेन्शन फंड आणि विमा कंपन्या. त्यांना पुढची पन्नास-साठ वर्षं ठरलेल्या रकमा द्यायच्या असतात. दर वाढले की त्या देण्यांचं आजचं मूल्यही घटतं, आणि बाँडमधला तोटा तिकडून भरून निघतो. अट एकच, मध्येच रोख रक्कम उभी करायची वेळ येऊ नये. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर ती आली. ठेवीदार कधीही काढू शकतील असा पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत होता. ८ मार्च २०२३ ला बँकेने २१ अब्ज डॉलरचे रोखे १.८ अब्ज डॉलर तोट्यात विकल्याचं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला रीघ लागली आणि १० मार्चला बँक बंद झाली. त्या रोख्यांमध्येही पैसे बुडण्याची भीती फारशी नव्हती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पडेल किमतीत हा बाँड घेणाऱ्यांसाठी एक शेवटचा हिशोब. ०.८५ ला ३२.१ ने भागलं की २.६५ टक्के येतात. हा चालू परतावा. ३ टक्क्यांपैकी उरलेले ०.३५ टक्के हप्त्यातून मिळत नाहीत, ते किंमत हळूहळू १०० कडे चढण्यातून मिळतात. पहिल्या वर्षी ही चढ जेमतेम ११ सेंटची असते. शंभरचा आकडा समोर दिसत असला, तरी दर खाली आले नाहीत तर तिथवरची बहुतेक वाट शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत कापली जाते.